कंट्रोल चार्टवरचे सलग सात ठिपके, आणि कंट्रोल लिमिट म्हणजे स्पेक नव्हे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची सगळी उत्तरं एकाच उदाहरणावर बेतलेली आहेत. इंदूरच्या सांवेर रोड भागात असतं तसं शेवेचं पॅकिंग धरा: २०० ग्रॅमचं पाकीट, कप फिलरचं मशीन, मिनिटाला ४० पाकिटं. दर तासाला लागोपाठची पाच पाकिटं काढायची, ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तोलायची, रिकाम्या पाकिटाचं वजन वजा करायचं आणि पाचांची सरासरी कंट्रोल चार्टवर, म्हणजे तासागणिक ठिपके मांडलेल्या आलेखावर, मांडायची. आकडे हिशेब समजावण्यासाठी रचलेले आहेत, पण हिशेबाची रीत कुठल्याही मशीनला तीच राहते.

कंट्रोल लिमिट येतात कुठून? त्या कोण ठरवतं?

कोणीच ठरवत नाही, मशीन सांगतं. मशीन नेहमीसारखं चालू असताना पाच-पाच पाकिटांचे २५ नमुने घ्यायचे. प्रत्येक नमुन्याचे दोन आकडे निघतात: पाचांची सरासरी, आणि सर्वांत जड पाकिटातून सर्वांत हलकं वजा केल्यावर उरणारी रेंज. आपल्या उदाहरणात पंचवीस सरासऱ्यांची सरासरी २०२.० ग्रॅम आली आणि पंचवीस रेंजांची सरासरी ४.० ग्रॅम.

पाचाच्या नमुन्यासाठी कंट्रोल चार्टच्या छापील तक्त्यातले तीन ठरलेले आकडे लागतात: A2 = 0.577, D4 = 2.114 आणि d2 = 2.326. मग हिशेब असा:

```
UCL  = 202.0 + 0.577 × 4.0 = 204.3
LCL  = 202.0 − 0.577 × 4.0 = 199.7
UCL(R) = 2.114 × 4.0 = 8.5
sigma  = 4.0 / 2.326 = 1.72
```

वरच्या दोन ओळी सरासरीच्या चार्टच्या वरच्या आणि खालच्या लिमिट आहेत, आणि २०२.० ही त्याची मधली रेघ. तिसरी ओळ रेंजच्या चार्टची वरची लिमिट आहे, खालची शून्य. शेवटची ओळ एकेका पाकिटाचा फैलाव सांगते आणि ती पुढे लागणार आहे. या हिशेबात ग्राहकाची मागणी, मालकाची इच्छा किंवा पाकिटावर छापलेलं २०० ग्रॅम, यातलं काहीच आलेलं नाही, हे लक्षात घ्या.

मग स्पेसिफिकेशन म्हणजे काय?

स्पेक म्हणजे एकेका पाकिटाकडून आपली अपेक्षा. उदाहरणात कारखान्याने स्वतःसाठी १९६ ते २०८ ग्रॅम ठरवलं आहे. ते कागदावर ठरतं. मशीनला त्याचा पत्ता नसतो. त्यामागे कायद्याची चौकटही आहे: वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ प्रमाणे २०० ग्रॅमच्या पाकिटात कमाल चुकीची मुभा साडेचार टक्के, म्हणजे ९ ग्रॅम आहे, आणि मालाच्या लॉटची सरासरी छापलेल्या वजनापेक्षा कमी असता कामा नये. म्हणूनच मशीन २०० वर न लावता २०२ वर लावलेलं आहे. बरोबर २०० वर लावलं, तर सरासरी जरा घसरली की लॉट अडचणीत येतो.

दोन्ही रेघा एकाच चार्टवर काढल्या तर बिघडतं काय? सुपरवायझरला एका नजरेत सगळं दिसेल.

दिसेल, पण खोटं दिसेल. चार्टवरचा ठिपका पाच पाकिटांची सरासरी आहे आणि स्पेक एका पाकिटाचा आहे. सरासरीत जड-हलकं एकमेकांना कापतं, त्यामुळे सरासऱ्यांचा फैलाव पाकिटांच्या फैलावापेक्षा पाचाच्या वर्गमुळाने, म्हणजे २.२४ पट कमी असतो: १.७२ भागिले २.२४, सुमारे ०.७७ ग्रॅम.

आता सरासरीच्या चार्टवर २०८ ची रेघ काढली आणि एक ठिपका अगदी तिला टेकला असं समजा. सरासरीच २०८ असेल तर साधारण निम्मी पाकिटं २०८ च्या वर गेलेली असतात. इकडे चार्ट म्हणतोय, "अजून रेघेच्या आत आहे." स्पेकची रेघ सरासरीच्या चार्टवर काढणं यासाठी वर्ज्य.

उलटी चूकही तितकीच महाग पडते. कोणीतरी २०४.३ आणि १९९.७ हे आकडे पाटीवर लिहितो आणि पॅकिंगच्या टेबलावरचा माणूस एकेक पाकीट त्याला लावून बघू लागतो. आपल्या मशीनची, अगदी ठीकठाक चाललेली पाकिटं या मापाने तोलली, तर शंभरातली साधारण १८ बाहेर पडतात. ती पाकिटं स्पेकमध्ये असतात, पण फोडून शेव पुन्हा हॉपरमध्ये जाते. त्या हाताळणीत शेव मोडते, आणि मोडलेल्या शेवेमुळे पुढे काय होतं ते खाली येईलच.

एकेक पाकीट आणि स्पेक यांची तुलना करायची असेल, तर वेगळा हिस्टोग्राम काढा आणि त्यावर १९६ आणि २०८ च्या रेघा खुशाल ओढा.

एक ठिपका लिमिटच्या बाहेर गेला, पण पाचही पाकिटं स्पेकमध्ये आहेत. माल थांबवायचा का?

ती पाच पाकिटं विकायला हरकत नाही. मशीनकडे मात्र लगेच बघा. समजा सरासरी २०५.० आली, आणि मशीन खरंच २०५ वर सरकलेलं आहे. फैलाव तोच, १.७२. तर २०८ च्या वर जाणारी पाकिटं शंभरात चार होतात. हातात आलेल्या पाचांत त्यातलं एकही नसण्याची शक्यता मोठी आहे, म्हणून पाचही चांगली दिसतात. मिनिटाला ४० पाकिटं धरली तर तासाभरात शंभराच्या आसपास पाकिटं स्पेकबाहेर गेलेली असतात.

सलग सातचा नियम नेमका काय आहे?

मधल्या रेघेच्या एकाच बाजूला लागोपाठ सात ठिपके पडले, तर प्रक्रियेची सरासरी सरकली आहे असं धरून कारण शोधायचं. एकही ठिपका लिमिटच्या बाहेर गेलेला नसला तरी. उदाहरणातला एक दिवस बघा:

| तास | सरासरी (ग्रॅम) | बाजू | सलग |
|---|---|---|---|
| १ | २०१.६ | खाली | १ |
| २ | २०२.५ | वर | १ |
| ३ | २०२.१ | वर | २ |
| ४ | २०१.२ | खाली | १ |
| ५ | २०२.८ | वर | १ |
| ६ | २०१.७ | खाली | १ |
| ७ | २०२.९ | वर | १ |
| ८ | २०२.६ | वर | २ |
| ९ | २०३.१ | वर | ३ |
| १० | २०२.४ | वर | ४ |
| ११ | २०३.३ | वर | ५ |
| १२ | २०२.७ | वर | ६ |
| १३ | २०३.० | वर | ७ |

सगळ्यात उंच ठिपका २०३.३, म्हणजे वरच्या लिमिटपासून पूर्ण एक ग्रॅम खाली. फक्त लिमिट बघणाऱ्याला हा दिवस शांत वाटेल. पण तेराव्या तासाला ऑपरेटर हाक मारतो, "काका, सातवाही वरच आला," आणि त्याचं बरोबर आहे.

ठिपका कसा येतो तेही एकदा जवळून बघू. सातव्या तासाची पाच पाकिटं: २०१.४, २०४.६, २०३.२, २०५.१, २००.२. बेरीज १०१४.५, सरासरी २०२.९. रेंज २०५.१ वजा २००.२, म्हणजे ४.९. पाचांतली दोन पाकिटं २०४.३ च्या वर आहेत, आणि त्याने काहीच बिघडत नाही, कारण ती लिमिट पाकिटाची नाही.

सातच का? पाच का नाही, दहा का नाही?

मशीन जागेवर असेल तर ठिपका वर किंवा खाली पडण्याची शक्यता निम्मी-निम्मी, नाणं उडवल्यासारखी. ठरवलेल्या एका बाजूला लागोपाठ सात पडण्याची शक्यता १२८ त एक. नाणं उडवत राहिलं तर कुठल्याही एका बाजूची सलग सातची रांग सरासरीने १२७ व्या फेकीला मिळते. म्हणजे काहीही बिघडलेलं नसताना हा नियम साधारण दर १२७ ठिपक्यांमागे एकदा खोटी हाक मारतो. दोन पाळ्यांत रोज १६ ठिपके पडत असतील, तर आठ दिवसांतून एकदा.

पाचाचा नियम केला तर खोटी हाक दर ३१ ठिपक्यांनी, म्हणजे दोन दिवसांनी येईल. आठवड्याभरात कोणी त्याकडे लक्ष देणार नाही. आठाला हा आकडा २५५ होतो, नवाला ५११. अनुभवी मंडळींमध्ये म्हणूनच यावर एकमत नाही: वेस्टर्न इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीच्या १९५६ च्या हँडबुकात आठ आहेत, संख्याशास्त्रज्ञ लॉइड नेल्सन यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या आठ कसोट्यांत नऊ आहेत, आणि वाहन उद्योगाच्या पुरवठादारांकडे सात रुळले आहेत. ग्राहकाने नियम लिहून दिला असेल तर तो पाळा. नसेल तर तुमच्याकडे दिवसाला किती ठिपके पडतात ते बघून ठरवा. दर पंधरा मिनिटांनी ठिपका असेल तर आमच्या मते नऊ बरे, तासाला एक असेल तर सात. मात्र ठिपके बघून झाल्यावर नियम बदलायचा नाही.

लिमिटबाहेरचा ठिपका असताना या नियमाची गरजच काय?

लिमिट मोठा धक्का पटकन पकडते आणि लहान सरक उशिरा. आपल्या मशीनची सरासरी ०.७७ ग्रॅमने वर सरकली असं धरा, म्हणजे ठिपक्यांच्या एका सिग्माएवढी. तर वरच्या लिमिटबाहेर ठिपका पडायला सरासरीने ४४ ठिपके लागतात. सलग सातच्या नियमाला त्याच सरकीसाठी सरासरीने १५ पुरतात. तासाला एक ठिपका आणि दिवसाला सोळा, या हिशेबाने पावणेतीन दिवसांऐवजी एका दिवसात कळतं.

याची किंमत खोट्या हाकांत मोजावी लागते. लिमिट मधल्या रेघेपासून ठिपक्यांच्या तीन सिग्मांवर असतात; एकट्या त्यांची खोटी हाक सुमारे ३७० ठिपक्यांनी येते. दोन्ही नियम एकत्र लावले की ती सुमारे ९५ ठिपक्यांवर येते. याच कारणाने सॉफ्टवेअरमधल्या आठही कसोट्यांवर टिक करून टाकू नये. लिमिट आणि सलग सात, एवढ्यावर बहुतेक पॅकिंग लाइनचं भागतं.

सात ठिपके पडले. आता नेमकं काय करायचं?

पहिली गोष्ट: मशीनच्या चाकाला हात लावायचा नाही. आधी काटा. २०० ग्रॅमचं प्रमाणित वजन ठेवून बघा, मग रिकामी पाकिटं तोला. फिल्मचा रोल बदलला आणि पाकिटाचं वजन अर्ध्या ग्रॅमने वाढलं, पण वजा करायचा आकडा जुनाच राहिला, तर शेव तेवढीच असताना ठिपके वर चढतात. हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा घडतं.

काटा ठीक असेल तर रांग जिथून सुरू झाली त्या तासाकडे जा. आपल्या तक्त्यात नियम तेराव्या तासाला बोलला, पण शोध सहाव्या आणि सातव्या तासाच्या मध्ये घ्यायचा. त्या वेळी काय बदललं? पाळी, ऑपरेटर, शेवेचा घाणा, हॉपर भरणारा माणूस? नोंदवही इथेच कामाला येते. वहीत नुसते आकडे असतील आणि "नवा घाणा सुरू, ११:४०" अशी ओळ नसेल, तर शोध अंदाजावर चालतो.

कप फिलर वजन तोलत नाही, माप भरतो. ठरावीक आकाराचा कप भरून पाकिटात पडतो. त्यामुळे शेव जितकी दाट बसेल तितकं पाकीट जड होतं. लांब, अखंड शेवेत पोकळी राहते, तर मोडलेली, चुऱ्याची शेव कपात गच्च बसते. सातव्या तासाला क्रेटच्या तळाचा माल हॉपरमध्ये पडला असेल, तर वजन चढणारच. तपासणं सोपं आहे. एक लिटरचं माप घ्या, जुन्या घाण्याची शेव न दाबता भरा, वरून पट्टी फिरवून सपाट करा आणि तोला. मग नव्या घाण्याची तशीच भरा. नवी शेव अर्ध्या टक्क्याच्या आसपास जड निघाली, तर कारण सापडलं: सात ठिपक्यांची सरासरी २०२.८६ आहे, म्हणजे ०.८६ ग्रॅम जास्त, २०२ च्या ०.४३ टक्के. इतका छोटा फरक एका मापात लपू शकतो, म्हणून दोन्ही घाण्यांची माप-तोल पाच-सहा वेळा करून सरासरी घ्या.

पहिला उपाय कप लहान करणं नाही. चुरा चाळून काढा आणि पुढचे दोन-तीन ठिपके बघा. कप लहान केला आणि तासाभराने चुरा संपून पुन्हा अखंड शेव आली, तर पाकिटं हलकी पडतील.

पाऊण-एक ग्रॅमसाठी एवढी धावपळ कशाला? स्पेकमध्ये तर आहे.

सात तास, तासाला २४०० पाकिटं, पाकिटामागे ०.८६ ग्रॅम. १६,८०० पाकिटांत साधारण साडेचौदा किलो शेव फुकट गेली. उलट बाजूला, सरासरी तितकीच खाली सरकली असती तर २०१.१ वर आली असती आणि २०० पासूनचं अंतर निम्मं झालं असतं.

प्रत्येक ठिपक्यानंतर कप थोडा-थोडा जुळवून घेतला तर लक्ष्यावरच राहणार नाही का?

नाही, उलट फैलाव वाढतो. पाकीट २०४ आलं म्हणून दोनाने कमी केलं, पुढचं २०० आलं म्हणून दोनाने वाढवलं, असं केलं की प्रत्येक वेळी मागच्या पाकिटाचा योगायोग पुढच्यात मिसळतो. मशीन मुळात जागेवर असताना प्रत्येक पाकिटामागे अशी पूर्ण दुरुस्ती केली, तर फैलावाचा वर्ग दुप्पट होतो आणि सिग्मा १.४१ पट. आपल्याकडे १.७२ चं २.४३ होईल. सहा सिग्माचा पसारा १०.३ ग्रॅमवरून १४.६ वर जाईल, आणि स्पेकची रुंदी फक्त १२ आहे. चांगलं मशीन मेहनतीने बिघडवण्याचा हा खात्रीचा मार्ग. चार्ट असतो तो मुख्यतः "आत्ता हात लावू नकोस" हे सांगण्यासाठी, असं आमचं मत.

चार्ट एकदम शांत आहे, तरी स्पेकबाहेरची पाकिटं निघतात. हे कसं?

प्रक्रिया स्थिर आहे, पण पुरेशी अचूक नाही. कंट्रोल आणि क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी. मशीनचा फैलाव १.७२ ऐवजी ३.० असता, तर २०२ भोवती पाकिटं १९३ ते २११ पसरली असती. त्याच फैलावातून निघालेल्या कंट्रोल लिमिटही रुंद झाल्या असत्या आणि एकही ठिपका बाहेर पडला नसता. चार्ट तक्रार करत नाही, कारण मशीन रोज सारखंच वाईट चालतंय.

हे मोजायला Cp बघतात: स्पेकची रुंदी भागिले सहा सिग्मा. १२ भागिले १०.३, म्हणजे १.१६. सिग्मा ३.० असेल तर ०.६७. अशा वेळी ऑपरेटरला ओरडून उपयोग नाही. कपाखालचं झाकण पूर्ण बंद होतं का, पट्टी कप सपाट करते का, हॉपरमधली पातळी सारखी राहते का, हे बघावं लागतं. ते दुरुस्तीचं आणि मालकाच्या खर्चाचं काम आहे.

ठिपके सलग सात नाहीत, पण मधल्या रेघेला चिकटून चालले आहेत. हे तर उत्तमच ना?

शंका घ्या. ठिपके इतके नीट बसत नाहीत. दोन कारणं नेहमीची. एक, आकडे काट्यावरून न येता पेनातून आले आहेत. रेंजही सतत दोन-अडीच येत असेल, तर पुढचा नमुना स्वतः उभं राहून घ्या.

दुसरं कारण प्रामाणिक आहे. फिलरच्या चकतीवर चार कप असतात. लागोपाठची पाच पाकिटं काढली की चारही कप नमुन्यात येतात. एक कप दोन-तीन ग्रॅम जास्त भरत असेल, तर तो फरक प्रत्येक नमुन्याच्या आतच बसतो, रेंज फुगवतो, आणि फुगलेल्या रेंजमधून निघालेल्या लिमिट उगाच रुंद होतात. सरासऱ्या मात्र एकमेकींसारख्या राहतात, कारण प्रत्येक नमुन्यात तेच चार कप आहेत. कपांना १ ते ४ आकडे रंगवा, एका दिवशी प्रत्येक कपाची दहा पाकिटं वेगळी तोला. एखादा कप वेगळा निघाला तर आधी तो नीट करा, मगच लिमिट काढा.

सलग सात चढते किंवा उतरते, हा वेगळा नियम आहे का?

हो. प्रत्येक ठिपका मागच्यापेक्षा वर, किंवा प्रत्येक खाली. सातची एका दिशेची रांग योगायोगाने येण्याची शक्यता ५०४० त एक. कपात तेल-मसाल्याचा थर बसत जातो, माप लहान होतं आणि वजन हळूहळू उतरतं, ते पकडायला हा नियम असावा असं वाटतं. प्रत्यक्षात तो फारसा बोलत नाही. तासाला ०.२ ग्रॅमने घसरण होत असेल, तर लागोपाठच्या दोन ठिपक्यांतला योगायोगाचा फरकच १.१ ग्रॅमच्या आसपास असतो, त्यामुळे पुढचा ठिपका खाली पडण्याची शक्यता जेमतेम ५७ टक्के. सलग सात तर दुर्मीळच. अशी घसरण बहुतेक वेळा मधल्या रेघेखालच्या सलग सात ठिपक्यांनीच आधी सापडते.

ठिपका बरोबर मधल्या रेघेवर पडला तर?

रांग तुटली, शून्यापासून मोजा. काही ठिकाणी असा ठिपका वगळून मोजणी पुढे चालू ठेवतात. दोन्ही चालतं, पण कुठलं ते आधी लिहून ठेवा. एक ग्रॅम दाखवणारा काटा असेल तर हा प्रश्न रोज येईल आणि रेंजही ३, ४, ५ अशा पायऱ्यांत अडकेल. त्यावर उपाय ०.१ ग्रॅमचा काटा.

दर दोन मिनिटांनी नमुना घेतला तर लवकर कळेल का?

ठिपके जास्त मिळतील, माहिती तेवढी वाढणार नाही. दोन मिनिटांनी तीच हॉपरभर शेव असते, त्यामुळे एक ठिपका वर असेल तर पुढचाही वर पडतो. निम्म्या-निम्म्या शक्यतेचा हिशेब इथे लागू नाही, आणि सलग सात रोज कितीतरी वेळा येतील. नमुन्यांमधलं अंतर हॉपर एकदा रिकामा होऊन भरण्याच्या वेळेपेक्षा जास्त ठेवा.

एक्सेलमध्ये सलग मोजणी कशी करायची?

पहिली ओळ शीर्षकाची, दुसऱ्या ओळीत H2 मध्ये ० लिहा, डेटा तिसऱ्या ओळीपासून. पाच वजनं B ते F मध्ये, मधल्या रेघेचा आकडा K1 मध्ये.

```
G3: =ROUND(AVERAGE(B3:F3),1)
H3: =IF(G3>$K$1,IF(H2>0,H2+1,1),IF(G3<$K$1,IF(H2<0,H2-1,-1),0))
I3: =MAX(B3:F3)-MIN(B3:F3)
```

वरच्या बाजूची रांग अधिक आकड्यात आणि खालची उणे आकड्यात मोजली जाते. H मध्ये ७ किंवा -७ दिसलं की थांबायचं. H2 मध्ये शून्याऐवजी शब्द राहिला तर एक्सेल शब्दाला शून्यापेक्षा मोठा मानतो आणि पहिल्याच ओळीत चूक दाखवू शकतो.

लिमिट पुन्हा कधी काढायच्या?

मुद्दाम बदल केल्यावर: नवा कप, नवी फिल्म, मशीनची मोठी दुरुस्ती. असा बदल झाला की पुन्हा २५ नमुने. दर महिन्याच्या एक तारखेला आपोआप नव्याने काढू नका. तसं केलं तर दीड ग्रॅमची सरक पुढच्या महिन्यात नवी मधली रेघ बनते आणि चार्ट गप्प बसतो. आणि २५ नमुन्यांत एखादा लिमिटबाहेर असेल तर त्याचं कारण सापडलं तरच तो काढून टाका. कारण सापडलं नाही तर तो ठेवा, कारण तोही त्या मशीनचाच आहे.

सात ठिपक्यांनंतर कारण सापडलं, दुरुस्ती झाली. पुढची मोजणी कुठून?

दुरुस्तीच्या वेळेला चार्टवर उभी रेघ मारा, शेजारी कारण दोन शब्दांत लिहा, "चुरा, चाळला", आणि पुढच्या ठिपक्यापासून एक मोजा. जुन्या रांगेतला सातवा ठिपका नव्या रांगेत धरू नका. कारण सापडलं नाही, तर मोजणी तोडू नका. आठवा, नववा, दहावाही वरच पडत राहिला, तर ती १२७ तली एक खोटी हाक नव्हती, आणि मग कप उघडून बघायची वेळ आली.